एका माणसाची मागणी एचआरकडून पुन्हा पुन्हा परत येते, तेव्हा

लक्षण ओळखीचं असेल. मॅनेजर एचआरला नोट पाठवतो: ‘टीमवर कामाचा ताण प्रचंड वाढला आहे, मुलं रोज रात्री उशिरापर्यंत बसतात, तरी एक माणूस तातडीने मंजूर करावा.’ आठवड्याने उत्तर येतं की जस्टिफिकेशन पुरेसं नाही. मॅनेजर नोटमध्ये ‘अत्यंत’ आणि ‘क्रिटिकल’ घालून ती परत पाठवतो. या वेळी उत्तर येतं, ‘पुढच्या तिमाहीत बघू.’ मग एखाद्या दिवशी तो स्वतःच एचआरच्या केबिनमध्ये येऊन बसतो. ‘मॅडम, माणूस द्या हो. आणखी काय लिहू?’

मी त्या टेबलाच्या पलीकडे बसते, त्यामुळे आधी एक गोष्ट सांगते. बजेटबाहेरच्या नव्या जागेचा निर्णय बहुतेक कंपन्यांत एचआर एकटं घेत नाही. तुमची नोट माझ्याकडून फायनान्सकडे जाते, तिथून बिझनेस हेडकडे. तुमची टीम त्यांच्यापैकी कुणी पाहिलेली नसते. तिथे तुमच्या वतीने बोलायला मी असते आणि माझ्या हातात फक्त तुमचा कागद असतो. फायनान्सवाले पहिला प्रश्न विचारतात, ‘किती तास कमी पडताहेत?’ नोटमध्ये याचं उत्तर नसेल तर मी ती सहसा पुढे नेत नाही. एकदा तिथून नकार आला की तीच मागणी त्याच वर्षात पुन्हा नेणं फार जड जातं.

म्हणून नोट परत आली की भाषा सुधारत बसू नका. बहुतेक वेळा दोष आकड्यांत असतो, आणि त्यातही एकाच ठिकाणी: कामाची संख्या दिलेली असते, कामाचे तास दिलेले नसतात. खालचं उदाहरण फोर्टातल्या एका कस्टम्स ब्रोकर फर्मच्या इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन डेस्कचं आहे. आकडे गोल केले आहेत, ओळख पटू नये म्हणून थोडे हलवलेही आहेत. हिशोब मात्र तसाच आहे.

परत आलेली नोट

डेस्कवर एक टीम लीड आणि चार एक्झिक्युटिव्ह. काम न्हावा शेवाला येणाऱ्या मालाचं: क्लायंटकडून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग घ्यायचं, वस्तूचं वर्गीकरण ठरवायचं, चेकलिस्ट बनवून क्लायंटची मंजुरी घ्यायची, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, भरायचं आणि कस्टम्सकडून क्वेरी आली तर उत्तर द्यायचं. वर्षभरापूर्वी महिन्याला साधारण 520 बिलं जात. आता 680 जातात.

मॅनेजरने लिहिलं होतं, ‘काम 30 टक्क्यांनी वाढलं आहे, टीम रात्री नऊपर्यंत बसते, क्लायंट नाराज आहेत, एक माणूस हवा.’ यात खोटं काहीच नव्हतं. तरी नोट परत गेली. फायनान्सने सरळ भागाकार केला. पूर्वी माणशी 130 बिलं होती, आता 170. महिन्याचे कामाचे 24 दिवस धरले तर दिवसाला माणशी दोन बिलंसुद्धा वाढलेली नाहीत. त्यांचा शेरा होता, ‘एवढं स्ट्रेच करता येईल.’

त्यांच्यापुढे जो आकडा होता त्यावरून तो शेरा बरोबरच होता. गडबड अशी की आकडाच चुकीच्या गोष्टीचा होता.

बिलं मोजू नका, मिनिटं मोजा

डेस्कवर बसलेल्या कुणालाही विचारा, सगळी बिलं सारखी नसतात. तोच क्लायंट, तोच माल, इन्व्हॉइसमध्ये दोन ओळी: ही फाइल जुन्यावरून उचलून तासाभराच्या आत होते. उलट नव्या क्लायंटचं सव्वाशे ओळींचं इन्व्हॉइस, त्यात मुक्त व्यापार करारातली सवलत मागायची, म्हणजे उत्पत्तीचं प्रमाणपत्र तपासायचं आणि 2020 च्या कॅरोटार नियमांनुसार आयातदाराकडे उत्पत्तीची माहिती खरंच आहे का ते विचारून घ्यायचं. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची वेगळी वाट. अशी एक फाइल अर्धा दिवस खाते.

म्हणून मॅनेजरला फाइलींचे तीन गट करायला सांगितले: सोपी, मध्यम, जड. मग दोन आठवडे प्रत्येकाने एका साध्या शीटमध्ये फाइलवर प्रत्यक्ष घातलेली मिनिटं लिहिली. दोन आठवड्यांत महिनाअखेरचा आठवडा मुद्दाम घेतला.

इथे एक सापळा आहे. बरेच जण सॉफ्टवेअरमधल्या वेळा उचलतात: जॉब सकाळी 11 ला उघडला, बिल संध्याकाळी 5 ला भरलं, म्हणजे सहा तास. ते सहा तास नव्हेत. त्यातले चार तास क्लायंटच्या मंजुरीची वाट पाहण्यात गेले आणि तेवढ्यात त्याच मुलीने दुसऱ्या तीन फाइली केल्या. सॉफ्टवेअरच्या वेळेतून फाइल किती काळ पडून होती ते कळतं. माणसाचे किती तास लागले ते हाताने लिहूनच काढावं लागतं. दोन आठवडे लिहिताना मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

सरासरी अशी निघाली: सोपी फाइल 35 मिनिटं, मध्यम 75 मिनिटं, जड 180 मिनिटं.

आता वर्षापूर्वीच्या 520 बिलांत 360 सोपी, 120 मध्यम आणि 40 जड होती. तास होतात 210, 150 आणि 120, एकूण 480. सध्याच्या 680 बिलांत 400 सोपी, 180 मध्यम आणि 100 जड आहेत. त्यांचे तास 233, 225 आणि 300, एकूण 758.

बिलं 31 टक्क्यांनी वाढली, तास मात्र 58 टक्क्यांनी. सोप्या फाइली जेमतेम 40 वाढल्या. जड फाइली अडीचपट झाल्या, आणि वाढलेल्या 278 तासांपैकी 180 तास एकट्या जड फाइलींचे आहेत. फायनान्सच्या भागाकारात हे दिसणं शक्यच नव्हतं.

टीमकडे तास किती आहेत?

इथेही एक नेहमीची चूक होते. आठ तास गुणिले 24 दिवस गुणिले चार माणसं असं करून 768 तास काढतात. मग 758 तासांचं काम 768 तासांत बसतं आणि तुमची मागणी तुमच्याच कागदावर मरते.

साडेनऊ ते साडेसहा, मधला जेवणाचा तास वजा केला की आठ तास उरतात. त्यातून शिपिंग लाइनचे फोन, डिलिव्हरी ऑर्डरचा पाठपुरावा, क्लायंटच्या मेल, चहा, आणि ‘सर्व्हर हळू चालतोय’ म्हणून जाणारा वेळ. फाइलवर प्रत्यक्ष सहा तास मिळाले तरी चांगले म्हणायचे. रजा आणि आजारपण धरून माणूस महिन्याला सरासरी 22 दिवस जागेवर असतो. 22 गुणिले 6 म्हणजे माणशी 132 तास, चौघांचे 528.

वर्षापूर्वी 528 तासांत 480 तासांचं काम होतं, आता 528 तासांत 758 तासांचं आहे. तुटवडा 230 तासांचा.

हा आकडा नोटमध्ये घालण्याआधी उलटा पडताळून पाहा. या सगळ्या हिशोबात मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते आणि फार थोडे लोक ती करतात. तुमची टीम वेळेवर घरी जात होती असा एक जुना महिना घ्या आणि तुमचीच मिनिटं त्या महिन्याच्या फाइलींना लावा. आलेले तास उपलब्ध तासांपेक्षा थोडे कमी असायला हवेत. इथे 528 पैकी 480 आले, म्हणजे मिनिटं खरी आहेत. तुमच्या हिशोबात त्या निवांत महिन्यालाही 700 तास निघाले, तर कुणीतरी मिनिटं फुगवली आहेत किंवा वाट पाहण्याचा वेळ आत शिरला आहे. फायनान्सला हे दिसलं की तुमचा एकही आकडा ते मानणार नाहीत. आणि त्यांना ते दिसतंच. त्यांच्याकडे मस्टर असतं.

230 तास कमी असताना माणूस एकच का?

230 भागिले 132, म्हणजे पावणेदोन माणसं. मग दोन मागायची? एकच मागायचा आणि उरलेल्या तासांबद्दल गप्प बसायचं? यातलं काहीही केलं तरी नोट परत येते. पहिल्यात तुम्ही लोभी दिसता, दुसऱ्यात हिशोब अर्धवट दिसतो. उरलेले तास कुठे जाणार ते लिहावं लागतं.

या डेस्कवर शोधल्यावर दोन गोष्टी सापडल्या. जड फाइलींतला बराच वेळ पीडीएफमधल्या ओळी हाताने टाइप करण्यात जात होता. तीन मोठ्या क्लायंटनी तेच इन्व्हॉइस ठरलेल्या एक्सेल नमुन्यात द्यायचं कबूल केलं, त्यातून महिन्याला 40 तास वाचणार होते. दुसरं, टीम लीड आत्ता महिन्याला 110 तास स्वतः फाइली करत होता. त्याचं खरं काम तपासणी आणि क्वेरीची उत्तरं. ते मागे पडत होतं, म्हणून क्वेऱ्या तुंबत होत्या. त्याने 50 तासांपर्यंत फाइली कराव्या, त्यापुढे नाही, असं ठरलं.

230 मधून 40 गेले आणि 50 गेले. उरले 140. एक नवा माणूस 132 तास देतो. राहिलेले आठ तास टीम आपसात सावरेल. आता ‘एकच’ हा आकडा कुठून आला ते कुणालाही सांगता येतं आणि ‘आधी स्वतःच्या घरात काय सुधारणा केली?’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं.

ऑटोमेशनचा मुद्दा नोटमध्ये आपणहून आणायला मॅनेजर घाबरतात. त्यांना वाटतं, आपणच पळवाट दाखवतोय. माझा अनुभव उलटा आहे. एक्सेल नमुन्याचे 40 तास आधीच वजा केलेले दिसले की ‘ऑटोमेशनचं बघा’ असा शेरा मारायला जागा राहत नाही.

उशिराचा दंड मोजताना हात आखडता घ्या

कस्टम्स कायद्याच्या कलम 46 नुसार बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरावं लागतं, आणि तो दिवस सुट्टीचा असला तरी सूट नाही. जवळच्या काही देशांतून येणाऱ्या मालाची मुदत वेगळी आहे, ते इथे सोडून देऊ. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये शुल्क लागतं. पुरेसं कारण दिसलं तर अधिकारी ते माफ करू शकतो, पण त्या भरवशावर डेस्क चालवता येत नाही. शुल्क भरतो आयातदार. या फर्मच्या दोन करारांत मात्र असं होतं की कागद 72 तास आधी मिळूनही उशीर झाला तर भुर्दंड ब्रोकरचा.

मॅनेजरने दुसऱ्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘गेल्या तीन महिन्यांत 14 बिलांना उशीर झाला.’ मी चौदाही जॉब उघडून बघायला सांगितलं. सहा ठिकाणी क्लायंटनेच कागद उशिरा दिले होते. तीन ठिकाणी जहाज ठरल्या वेळेच्या आधी आलं. फाइल आपल्या टेबलावर पडून राहिली म्हणून झालेले उशीर फक्त पाच. चार एकेका दिवसाचे, म्हणजे 20,000 रुपये. एक चार दिवसांचा, म्हणजे तीन दिवसांचे 15,000 अधिक चौथ्याचे 10,000. एकूण 45,000, महिन्याला 15,000.

चौदाचे पाच झाल्यावर मॅनेजरचा चेहरा उतरला होता. पण नवा माणूस आला तरी क्लायंटचे उशिरा येणारे कागद वेळेवर येणार नाहीत, आणि हे विचारणारा फायनान्समध्ये कुणीतरी निघतोच. नऊ उशीर नाहक मोजलेले सापडले की उरलेल्या पाचांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि महिन्याला 15,000 मध्ये माणूस येत नाही. इथे मागितलेल्या पदाचा कंपनीला येणारा खर्च वर्षाला 4,20,000, म्हणजे महिन्याला 35,000. दंडाच्या एकट्या कारणावर ही जागा मंजूर होणार नव्हती. दुसरा आकडा ओव्हरटाइमचा निघाला. तुटलेल्या 230 तासांपैकी 110 लीड करत होता, 80 ओव्हरटाइममध्ये होत होते आणि उरलेल्या 40 तासांचं काम पुढच्या महिन्यात ढकललं जात होतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर लागतो. महिना 30,000 पगार, 26 दिवस आठ तास धरले तर तासाला 144 रुपये, दुपटीने 288, आणि 80 तासांचे सुमारे 23,000.

23,000 आणि 15,000 मिळून 38,000. माणसाला 35,000. फरक थोडासाच आहे, पण बाजू योग्य आहे.

याच ठिकाणी एक सूचना. ‘मुलं रोज नऊपर्यंत बसतात’ हे वाक्य नोटमध्ये सहज लिहिलं जातं. एचआरच्या मेलवर ते आलं की ती जादा कामाची लेखी कबुली होते, आणि त्या तासांचे पैसे दिले गेलेत का हा प्रश्न मला विचारावाच लागतो. पैसे दिले असतील तर रक्कम लिहा, ती तुमच्याच उपयोगाची आहे. दिले नसतील तर तो विषय या नोटमध्ये न घालता आधी वेगळा मिटवा. दोन्ही एकत्र आले की नोट महिनाभर लीगलकडे पडून राहते.

‘तातडीने’ या शब्दाच्या जागी तारीख

सगळ्याच नोटा तातडीच्या असतात. माझ्या इनबॉक्समध्ये तातडी नसलेली मागणी मी अजून पाहिलेली नाही. त्यामुळे त्या शब्दाने रांगेतला नंबर बदलत नाही. तारखेने बदलतो, आणि तारीख शेवटाकडून मागे मोजायची असते.

या डेस्कसाठी शेवट पक्का होता. नव्या क्लायंटचा करार झालेला होता आणि 1 डिसेंबरपासून त्याचा दुसऱ्या बंदरातला मालही न्हावा शेवाला वळणार होता. म्हणजे नवा माणूस नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत स्वतंत्रपणे फाइली करायला हवा. शिकायला सहा आठवडे, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू. अनुभवी माणसाला बहुधा 60 दिवसांची नोटीस असते, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑफर. जाहिरात, मुलाखती, पगाराची बोलणी यांना चार आठवडे. म्हणजे मंजुरी 10 जुलैपर्यंत.

ही साखळी नोटमध्ये दोन ओळींत लिहिली की ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणणाऱ्याला त्याची किंमत समोर दिसते. ऑक्टोबरमध्ये मंजुरी दिली तर माणूस हाताशी येतो फेब्रुवारीत.

याच साखळीतून मॅनेजरला न आवडलेली एक गोष्टही बाहेर आली. त्याच्या मूळ नोटमध्ये तातडीचं कारण होतं ‘दिवाळीच्या मालाची गर्दी’. तो माल ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागतो आणि जुलैत मंजूर झालेला माणूस तोवर नोटीसच भरत असतो. जी गर्दी तो माणूस सोडवू शकत नाही, ती त्या माणसासाठीचं कारण होऊ शकत नाही. दिवाळीसाठी तीन महिन्यांचा कंत्राटी डेटा-एंट्रीवाला वेगळा मागितला, तो खर्चाच्या वेगळ्या हेडखाली चार दिवसांत मिळाला.

यातून एक ढोबळ कसोटी निघते. गर्दी ठरावीक महिन्यांत येऊन ओसरत असेल तर कायम जागा मागू नका. कायम जागेला कायम कारण लागतं, आणि इथे ते होतं: दोन नवे क्लायंट, दोन्ही करार वर्षाचे, आणि जड फाइलींपैकी बहुतेक त्यांच्याच.

शेवटी गेलेली नोट

एवढा हिशोब करून नोट मात्र छोटी ठेवायची. तक्ता सोबत जोडायचा आणि मेलमध्ये फोनच्या एका पडद्यावर मावेल एवढंच लिहायचं, कारण बिझनेस हेड ती बहुतेक वेळा लोकलमध्ये किंवा दोन मीटिंगच्या मध्ये वाचतात. गेलेली नोट अशी होती:

> विषय: इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन, एक नवी जागा (एक्झिक्युटिव्ह), मंजुरी 10 जुलैपर्यंत हवी
>
> मॅडम,
>
> इम्पोर्ट डेस्कसाठी एक कायम जागा मागत आहे. ही बदली भरती नाही, नवी जागा आहे आणि या वर्षीच्या बजेटमध्ये धरलेली नाही.
>
> वर्षभरात महिन्याचं काम 480 तासांवरून 758 तासांवर गेलं आहे. टीमची क्षमता 528 तास आहे. वाढीचं मुख्य कारण जड फाइली (40 वरून 100), आणि त्या वर्षभराचा करार असलेल्या दोन क्लायंटच्या आहेत.
>
> 230 तासांच्या तुटवड्यापैकी 40 तास क्लायंटच्या एक्सेल नमुन्यातून वाचतील, 50 तास टीम लीड करेल. उरलेल्या 140 तासांसाठी एक माणूस लागेल.
>
> आत्ता हा तुटवडा भरून काढायला ओव्हरटाइमचे दरमहा सुमारे 23,000 जातात. आपल्या टेबलावर झालेल्या उशिरांचा दंड गेल्या तीन महिन्यांत 45,000 झाला. मागितलेल्या जागेचा खर्च दरमहा 35,000 आहे. ओव्हरटाइम जवळजवळ बंद होईल. दंड कमी होईल, शून्य होईल असं मी म्हणत नाही.
>
> 1 डिसेंबरपासून करारानुसार आणखी माल येणार आहे. भरती, नोटीस आणि शिकण्याचा काळ धरता मंजुरी 10 जुलैपर्यंत मिळाली तरच माणूस तोवर तयार होतो. मंजुरी नाही मिळाली तर डिसेंबरपासून जड फाइलींची संख्या मर्यादित ठेवण्याबाबत सेल्सशी बोलावं लागेल.
>
> तासांचा तक्ता जोडला आहे. जी-कार्डाची अट नाही, दोन वर्षांचा डॉक्युमेंटेशनचा अनुभव पुरे.

दोन ठिकाणं बघण्यासारखी आहेत. ‘बजेटमध्ये धरलेली नाही’ हे मॅनेजरने स्वतःच लिहिलं. ते दडवून उपयोग नसतो, फायनान्सची पहिली नजर तिथेच जाते, आणि आधी सांगितलं की निदान लपवाछपवीचा संशय येत नाही.

दुसरं जी-कार्डाचं वाक्य. आधीच्या मसुद्यात जी-कार्डवाला माणूस मागितला होता. कस्टम्सची परीक्षा पास झालेला, सहीचे अधिकार घेता येणारा माणूस कुणालाही आवडेलच. पण असे उमेदवार कमी, पगार जास्त, आणि जे 140 तास भरायचे आहेत ते फाइल तयार करण्याचे आहेत, सहीचे नाहीत. ती अट काढल्यावर पगाराची रेंज खाली आली आणि चार आठवड्यांत भरतीचा अंदाज खरा वाटू लागला. जागा अडते तेव्हा पदाचं वर्णन एकदा तासांच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचा. जे काम तक्त्यात नाही त्याचं कौशल्य बहुतेक वेळा वर्णनात उगाच आलेलं असतं.

तरीही परत आली तर

शेरा ‘दुसऱ्या टीममधून घ्या’ असेल तर चिडू नका, त्या टीमलाही हाच तक्ता लावा. इथे सहारच्या एअर कार्गो डेस्ककडे बोट दाखवलं गेलं होतं. त्यांचेही तास काढले तेव्हा तिथे महिन्याला 30 तास मोकळे निघाले, तेही दिवसभर विखुरलेले. मालच त्याच दिवशी सोडवायचा असल्याने तो माणूस दुपारी उचलून फोर्टात आणता येत नव्हता. हे दोन ओळींत कळवल्यावर तो मुद्दा मिटला. तिथे 100 तास मोकळे निघाले असते, तर मात्र बदली घेणंच योग्य होतं आणि ती जागा मागायला नको होती.

शेरा ‘हायरिंग फ्रीझ आहे’ असा असेल तर तक्त्याचा उपयोग नाही. अशा वेळी नवी जागा सोडा आणि राजीनामा दिलेल्या कुणाची बदली भरती अडली आहे का ते एचआरला विचारा. बऱ्याच फ्रीझमध्ये बदली भरतीला वाट असते.

आणि ‘नंतर बघू’ असं तोंडी सांगितलं गेलं तर त्याच दिवशी एक ओळीची मेल टाका: कोणत्या तारखेला बघायचं आणि तेव्हा कोणता आकडा काय असेल तर मंजुरी मिळेल. या फर्ममध्ये बिझनेस हेडने उत्तर दिलं होतं की जूनचे तास 750 च्या वर राहिले तर हो. मॅनेजरने जुलैच्या दुसऱ्या दिवशी जूनचा तक्ता पाठवला, 761 तास. मंजुरी 8 जुलैला आली.

मंजुरी आल्यावर तक्ता बंद करू नका. मंजूर झालेली पण न भरलेली जागा बऱ्याच ठिकाणी 31 मार्चला आपोआप रद्द होते आणि नव्या वर्षाच्या बजेटमध्ये ती पुन्हा मागावी लागते. उमेदवाराने ऐन वेळी ऑफर नाकारणं मुंबईत नवं नाही. तसं झालं आणि भरती जानेवारीत गेली, तर फेब्रुवारीच्या बजेट मीटिंगआधी ताजे तास घेऊन या.